शेठना विचारावं लागेल

तुम्ही ज्या दुकानातून मीठ-साखर आणता, त्याचा मालक कोण, हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे का? तराजूमागचा चेहरा कोणता, हे मी विचारत नाही. त्या दुकानात राबणाऱ्या माणसाला सुट्टी हवी असेल, तर ती द्यायला ज्याला कायद्याने बांधलंय, त्याचं नाव विचारतोय. मी एका किराणा दुकानात काम करत होतो, तिथेच झोपत होतो, तिथलंच खात होतो, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

दुकान रत्नागिरीत, बाजाराच्या एका बोळात. ऐंशीचं दशक नुकतं उलटायला लागलं होतं. माझे वडील मुंबईची नोकरी सुटल्यावर गावी परतले ते एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत कपडे कमी आणि पत्रकं जास्त. सभांची, संपांची, निषेधांची, गुलाबी-पिवळ्या हलक्या कागदावर छापलेली. आमच्या घरात दुसरं वाचायला काही नव्हतं, म्हणून मी अक्षरं शिकलो ती त्यांच्यावर. वडिलांची एकच शिकवण होती. "आधी खाली बघ. छापणाऱ्याचं नाव आहे का? नाव नसलेल्या कागदावर इश्वास ठेवू नको."

आई आधीच गेलेली. मी शहरात कामाला लागलो तेव्हा वडील घरी एकटे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. शेजारीण दोन वेळचा भात आणून द्यायची. वाचून दाखवायला कोणी नव्हतं. त्यांनी भातासाठी कधी निरोप धाडला नाही. पण गावचं कोणी बाजारात आलं की निरोप ठरलेला असे : "एक दिवस येऊन जा म्हणावं. काय चाललंय जगात ते तरी कळू दे." आमचं गाव लांज्याच्याही आत. संध्याकाळच्या एसटीने जायचं, एक पूर्ण दिवस राहायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने परतायचं, एवढं केलं तरच जाण्याला अर्थ होता. म्हणजे मला आठवड्यातला एक अख्खा दिवस हवा होता.

आणि तो दिवस होता. दुकानाबाहेर पाटीच होती : 'सोमवार बंद'.

सोमवारी दुकानाच्या फळ्या लागत. नंबर घातलेल्या त्या फळ्या मीच खाचेत सरकवायचो. आणि मग आत, दिव्याच्या उजेडात, दिवसभर आमचं काम चाले. तांदूळ चाळायचे, डाळ निवडायची, मिरच्यांची देठं काढायची, गुळाच्या ढेपा फोडायच्या, आठवड्याच्या पुड्या बांधायच्या. मिरच्यांनी डोळे चुरचुरत. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, आज यांची चैन.

"भाऊ, सोमवारी दुकान बंद असतं," मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणालो.

"दुकान बंद हाय. काम खय बंद हाय?"

"कायद्याने दोन्ही बंद पाहिजे."

"आता बाबा कायदा घेऊन आलास तू. मला कशाला सांगतोस? मी काय मालक हाय? शेठना इचारावं लागेल."

भाऊ म्हणजे दुकानाचे मॅनेजर. निदान ते स्वतःला मॅनेजर म्हणवत. पन्नाशीचा, एकटा, किरकोळ बांध्याचा माणूस. बायको-मुलं नव्हती. ते दुकानामागच्या खोलीत राहत आणि मी वरच्या माळ्यावर, गोणपाटांच्या आणि गुळाच्या वासात. स्वयंपाक तेच करायचे. दुपारी फळ्या लावल्या की आम्ही दोघं एका पाटावर समोरासमोर बसून भात आणि कुळथाची पिठी खायचो. आणि जेवता जेवता शेठना शिव्या घालायचो.

शेठ मुंबईला, असं भाऊ सांगत. बाजारातही सगळे तसंच समजत. मी कधी शेठना पाहिलं नव्हतं. त्यांचा फोटो मात्र होता : काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, कोणी काही मागायच्या आधीच 'नाही' म्हणायला तयार असलेला चेहरा. कोणी उधारी मागितली की भाऊ हात जोडत, "माझं असतं तर आत्ता दिलं असतं हो, पण शेठ ऐकायचे नाहीत." शेजारच्या शिंप्याने पाण्याचं पिंप ठेवायला पायरी मागितली, तर शेठना विचारतो. गिऱ्हाईक चिडायचं ते शेठवर. भाऊंवर कोणाचाच राग नसे.

"दगड हाय रे तो माणूस," भाऊ पिठी ओरपत म्हणायचे. "तुझ्यासारखाच मी पण. तूही नोकर, मीही नोकर."

हे ऐकून मला बरं वाटायचं. साऱ्या शहरात माझं म्हणावं असं कोणी नव्हतं. पाटाच्या पलीकडे आपल्या बाजूचा एक माणूस बसलाय, ह्या एका गोष्टीवर माझा दिवस निघायचा. मला वाटे, आम्हा दोघांची मिळून एक युनियनच आहे.

तीन-चारदा मी सुट्टी मागितली. दर वेळी भाऊ गंभीर होत, "इचारतो," म्हणत, आणि दोन दिवसांनी मान हलवत. "नाय म्हणाले."

"पत्र आलं?"

"आलं ना निरोप."

"मी लिहितो त्यांना. पत्ता द्या."

"पत्ता देऊ नको म्हणालेत."

मालक सुट्टी देत नाही, हे मी समजू शकत होतो. पत्रकांमधले मालक असेच होते. पण ज्याचा पत्ता नाही असा मालक मला पत्रकांतही भेटला नव्हता. मी ठरवलं, खाली छापलेलं नाव आणि पत्ता शोधायचा.

दुकानाला दोन कागद असतात, एवढं मला माहीत होतं. एक नगरपालिकेचा खाद्यपदार्थ विकायचा परवाना आणि दुसरा दुकाने कायद्याखालचा नोंदणीचा दाखला, ज्याला बाजारात सगळे 'गुमास्ता' म्हणतात. गुमास्ता दुकानात दर्शनी भागी लावावाच लागतो. आमच्याकडे लावलेला होता, अगदी गल्ल्याच्या डोक्यावर. पण तो देवांच्या रांगेत होता. लक्ष्मी, गणपती, मग गुमास्ता, मग शेठांचा फोटो. भाऊ रोज सकाळी गणपतीला गंध लावत आणि त्याच बोटाने गुमास्त्यालाही लावत. दसऱ्याला त्याच्यावर झेंडूची माळ, एरवी प्लॅस्टिकच्या फुलांची. उदबत्तीच्या धुराने काच पिवळी पडलेली. काचेवरून ओघळलेलं गंध कडेच्या फटीतून आत शिरून कागदाला लागलेलं. भाऊ बाजारात गेले असताना मी स्टुलावर चढून माळ बाजूला केली. दुकानाचं नाव दिसलं, सोमवार दिसला. मालकाच्या नाव-पत्त्याच्या जागी कुंकवाचा लाल डाग होता, जुना आणि जाड. खरवडायला गेलो तर कागदच सोलला जायला लागला.

दुपारी भाऊ वामकुक्षीला आडवे झाले की मला दीड-दोन तास मोकळे असत. एरवी मी मांडवीला जाऊन समुद्राकडे बघत बसायचो. त्या दिवशी नगरपालिकेत गेलो.

परवान्याच्या टेबलावरचे कारकून पान चघळत होते. मी दुकानाचं नाव आणि बोळ सांगितला. त्यांनी रजिस्टर उघडून बोट फिरवलं आणि एक नाव वाचून दाखवलं. ते शेठांचंच नाव होतं, फोटोखाली लिहिलेलं.

"हे मुंबईत कुठे राहतात?"

"ते मला काय माहीत? पत्ता दुकानाचाच आहे."

"सह्या करायला कधी येतात?"

"सह्या कशाला? दरवर्षी फी भरायला तुमचा तो मॅनेजर येतो. फी आली, पावती फाडली, नाव आहे तसं पुढे. नाव बदलायला कोणी अर्ज केला तर बदलतो." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू कोण? गिऱ्हाईक?"

"नोकर."

"मग मालक कोण ते तू मला सांग की."

शेजारच्या टेबलावरचे हसले. मला फार लागलं ते, पण त्यांचंही बरोबर होतं. मग त्यांनीच सांगितलं की परवाना म्हणजे माल विकायची परवानगी. नोकर, सुट्टी, तास ह्याच्याशी नगरपालिकेच्या या टेबलाचा संबंध नाही. "गुमास्ता बघ. सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या ऑफिसात दुकान निरीक्षक बसतात, तिथे जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे गेलो. निरीक्षक खेडचे होते, वयाने मोठे, बोलायला मोकळे.

"दाखला दुकानात लावलेला नाही?"

"लावलाय साहेब. पण वाचता येत नाही. गंध लागलंय त्याच्यावर."

ते मोठ्याने हसले. "निम्म्या बाजारात तेच आहे. माझी सही असलेल्या कागदाची लोक आरती करतात आणि मी दारात आलो की मागच्या दाराने नोकर पळवतात."

त्यांनी शिपायाला सांगून फाइल काढायला लावली. वरचाच कागद मालकबदलाच्या सूचनेचा होता. मालक बदलला तर दुकानाने इथे ते कळवावं लागतं. निरीक्षकांनी तो वाचला आणि माझ्याकडे वळवून धरला.

पूर्वीच्या मालकाच्या नावापुढे लिहिलं होतं : मयत.

त्याखाली नव्या मालकाचं नाव. मृत्युपत्राने दुकान त्याच्याकडे आलेलं. ते नाव मी रोज ऐकत होतो. पोस्टमन त्याच नावाने हाक मारायचा. ते भाऊंचं नाव होतं.

"मॅनेजर कोण लिहिलंय?" मी विचारलं.

"मॅनेजर कोणी नाही." त्यांनी बोट पुढे सरकवलं. "आणि नोकर... निरंक. स्वतः मालक एकटाच काम करतो असं दिलंय. तू तिथे कोण लागतोस मग?"

मी तो रकाना पुन्हा वाचला. शेठ होते ते दुकानात नव्हते, कुठेच नव्हते. दुकानात होते ते भाऊ कागदावर शेठ होते. आणि मी, गोणी उचलून ज्याचे खांदे सोलले होते, तो कुठल्याच कागदावर नव्हतो. माणूस गर्दीत एकटा पडतो असं लोक म्हणतात. मी त्या दिवशी एका रिकाम्या रकान्यात एकटा पडलो.

"पण साहेब, फोटोला हार नाही," मी म्हणालो.

"काय?"

"शेठांच्या फोटोला. देवांना आहे, दाखल्याला आहे. फोटोला नाही. म्हणून सगळ्यांना वाटतं, ते आहेत."

निरीक्षकांना माझं म्हणणं नीट समजलं नसावं. ते कामाचं बोलले. "हे बघ, नगरपालिकेच्या परवान्यावर कोणाचंही नाव असू दे. या कायद्यात ज्याच्या हातात धंद्याचा कारभार तो मालक. बंदच्या दिवशी नोकराला राबवायचं नाही आणि सुट्टीचा पगार कापायचा नाही. लेखी तक्रार दे, मी येतो. तुझं नाव सांगणार नाही." मग तेच थांबले. "अर्थात दुकानात नोकर एकच, म्हणजे ओळखायला त्यांना फार त्रास पडणार नाही."

"मी आधी त्यांच्याशी बोलतो," मी म्हणालो.

त्या दुपारी जेवणं आटोपली होती, पण पाट अजून तिथेच होता. भाऊ उठून बसले होते आणि सुपारी कातरत होते. मी समोर उभा राहिलो. वाटेत मी भाषण तयार केलं होतं. शोषण, फसवणूक, कष्टकरी, सगळे शब्द होते त्यात. तोंडातून एवढंच आलं :

"भाऊ, शेठ कधी वारले?"

अडकित्ता थांबला.

"कोण म्हणाला?"

"कामगार ऑफिसात कागद आहे. तुम्हीच दिलेला."

त्यांनी तो पाटावर ठेवला. "तो इन्स्पेक्टर पाठी लागला म्हणून दिला," ते म्हणाले. "नाय तर दंड करीन म्हणाला."

"म्हणजे मालक तुम्ही आहात."

"कागदावर."

"मग 'नाही' कोण म्हणत होतं? माझ्या सुट्टीला?"

त्यांनी मान वर करून फोटोकडे पाहिलं. खोटं बोलणारा माणूस बघतो तसं ते बघत नव्हते. मला आजही ते नीट सांगता येत नाही.

"मी चौदा वर्सांचा होतो तेव्हा आलो इथं," ते म्हणाले. "त्या माळ्यावरच झोपायचो. त्यांना मूलबाळ नाय. मुंबईला हॉस्पिटलात गेले ते आलेच नाय. दुकान माझ्या नावावर करून गेले. पण मी त्या गादीवर बसतो तेव्हा... लेका, मला कधी वाटलाच नाय की हे माझा हाय. कोण काय मागायला आला की मी मनात इचारतो, शेठ असते तर काय म्हणाले असते? ते नायच म्हणाले असते. मग मी नाय सांगतो."

"मेलेल्या माणसाकडे सुट्टी मागायची मी?"

"त्यांनी मला कधी सोमवार दिला नाय," भाऊ म्हणाले. "मी मागितलाही नाय. कुठं जायचा होता मला?"

"मला जायचं आहे! माझे वडील आहेत!" मी ओरडलो. "ते जिवंत आहेत!"

बाहेर शिंप्याचं मशीन थांबलं. भाऊंनी सुपारी खिशात टाकली आणि उठून मागच्या खोलीत गेले. पाट मी उचलून ठेवला.

त्यांनी माझ्यावर राग काढला असता, तर मी लढलो असतो. लढायचं मला शिकवलेलं होतं. पण दोन दिवसांनी ते धुतलेला सदरा घालून आले आणि म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे. चला जरा माझ्याबरोबर."

तुमचं. आजवर मी 'मेल्या' होतो, 'लेका' होतो.

आम्ही कामगार ऑफिसात गेलो. बदलाचा फॉर्म मी भरला. नोकरांच्या रकान्यात 'निरंक'च्या जागी माझ्या हाताने 'एक' लिहिलं. सहीच्या जागेवर भाऊंचा हात अडला. "इथं मॅनेजर म्हणून करू ना?" त्यांनी विचारलं.

"मॅनेजर कसला?" निरीक्षक म्हणाले. "मालक म्हणून करा. आणि दाखल्याला गंध लावणं बंद करा. नवीन प्रत देतो, ती वाचता येऊ द्या लोकांना."

भाऊंनी सही केली. ती करताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, कोणी बघतंय का असं. मागे मीच होतो.

त्या आठवड्यापासून सोमवारी दुकान खरोखर बंद राहू लागलं. रविवारी फळ्या लावल्या की मी संध्याकाळची एसटी धरायचो. वडिलांना आठवड्याची वर्तमानपत्रं वाचून दाखवायचो, पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीतल्या छापखान्याच्या नावापर्यंत. ते नाव ऐकल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. मी सगळी हकिकत सांगितली तेव्हा ते खूश झाले. "कायद्याने मिळवलंस. उपकार नाय कोणाचे," म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि तो माणूस सोमवारी काय करतो?"

मला माहीत नव्हतं.

मी चूक केली असं मला वाटत नाही. तेव्हाही वाटलं नाही, आजही नाही. सुट्टी माझी होती आणि ती मागायला जिवंत माणूस हवा होता. वडिलांची शेवटची दोन वर्षं मला त्या सोमवारांनी दिली. पण त्याची किंमत पत्रकांत कुठे छापलेली नसते, म्हणून इथे लिहितो. भाऊ मालक झाल्यावर आम्ही एकत्र जेवलो नाही. भात तेच रांधायचे, माझं ताट वाढून झाकून ठेवायचे, आणि आपलं ताट घेऊन मागच्या खोलीत जायचे. मालकाने नोकराबरोबर कसं जेवायचं, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या शेठनी तसं कधी केलं नव्हतं. शेठना शिव्या घालायलाही आता कोणी उरलं नव्हतं. गिऱ्हाईकांचा राग थेट त्यांच्यावर यायला लागला. उधारी नाकारली की लोक तोंडावर म्हणत, "मालक झाल्यावर डोळे फिरले याचे." ते ऐकून घ्यायचे आणि पुडी बांधायचे. मी काउंटरच्या या टोकाला, ते त्या टोकाला. एवढ्याशा दुकानात आम्ही दोघंही आवाज न करता वावरायला शिकलो.

वडील गेल्यावर मी ते काम सोडलं आणि मुंबई गाठली. काही वर्षांनी कामासाठी रत्नागिरीला उतरलो, तो नेमका सोमवार होता. बोळातून गेलो. फळ्या लागलेल्या. पायरीवर भाऊ बसले होते, धुतलेला सदरा घालून, हात मांडीवर ठेवून. नवा माणूस त्याच्या गावाला गेला होता, हे त्यांनी आपणहून सांगितलं. "सोमवारी मी कोणाला थांबवत नाय," म्हणाले. मी शेजारी बसलो. ते आत जाऊन मला पाणी देणार होते, पण कुलूप काढताना थबकले, आज बंद आहे म्हणून. आम्ही तसेच बसून राहिलो. वाटेने जाणारी एक बाई म्हणाली, "अर्धा किलो साखर देता काय?" भाऊंनी मान हलवली. ती निघून गेली. थांबून 'बरे आहात ना' एवढं कोणी विचारलं नाही.

त्या बोळाचं आणि त्यांचं नाव मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. पण असं दुकान तुमच्या गावातही असेल. बंदच्या दिवशी तुम्ही तिथून जाल आणि फळ्यांपुढे पायरीवर एखादा माणूस नुसता बसलेला दिसेल, तेव्हा त्याच्याकडे साखर मागू नका. थोडा वेळ त्याच्या शेजारी बसा.